सहा मीटरची भिंत ६२ टक्के भार का घेते, आणि तीन मीटरच्या दोन भिंती सारखा भार का घेत नाहीत

प्रश्न : सर, घोडबंदर रोडला तळ + ४ मजल्यांची इमारत आहे. प्लॅन २४ × १५ मीटर, एकूण उंची १५ मीटर. रुंदीच्या दिशेने तीन शिअर वॉल आहेत : डाव्या टोकाला ६ मीटरची (अ), मधोमध ३ मीटरची (ब), उजव्या टोकाला ३ मीटरची (क). लांबीच्या दिशेने पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक ६ मीटरची भिंत आहे. सगळ्या २०० मिमी जाड. लांबीच्या प्रमाणात भार वाटला तर ५०-२५-२५ टक्के येतो. स्टिफनेसच्या सूत्रात मजल्याची उंची ३ मीटर घातली तर ६४-१८-१८. समजून घेण्यासाठी ईटॅब्समध्ये साधं मॉडेल केलं : फक्त वरच्या पातळीला रिजिड डायफ्राम आणि त्याच्या मध्यावर रुंदीच्या दिशेने १००० किलोन्यूटन. त्यात अ, ब, क मध्ये सुमारे ६२०, १५५, २२५ आले, आणि लांबीच्या दिशेच्या भिंतींतही प्रत्येकी ३२० दिसतात. ६४ आणि ६२ जवळच आहेत, म्हणजे माझं सूत्र बरोबर ना? बाकीचा फरक मेशिंगचा असेल का?

उत्तर :

नाही, मेशिंगचा काही संबंध नाही. तुमचे ६४ आणि ईटॅब्सचे ६२ जवळ आले हा निव्वळ योगायोग आहे. त्यात दोन चुका एकमेकींना झाकतायत. पहिली चूक सूत्रात घातलेल्या उंचीची, दुसरी पीळ विसरल्याची. पहिलीमुळे अ चा वाटा खूप कमी आला, दुसरीमुळे तो तितकाच वाढला, म्हणून आकडा जुळल्यासारखा वाटला. ब आणि क कडे पाहिलंत तर जुळणी लगेच मोडते. दोन्ही भिंती हुबेहूब सारख्या, पण एकीत १५५ आणि दुसरीत २२५. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, म्हणून मी तिथपर्यंत क्रमाने येतो.

आधी उंचीचं पाहू. पायाशी पक्की आणि वर मोकळी अशी भिंत आडव्या बळाने दोन प्रकारे सरकते. एक म्हणजे ती वाकते, आणि दुसरं म्हणजे शिअरमुळे तिरकी होते. काँक्रीटसाठी G हा E च्या ०.४ पट धरला तर माथ्याचं एकूण सरकणं असं येतं :

Δ = (P / E·t) × [ 4(h/L)³ + 3(h/L) ]

कंसातला पहिला भाग वाकण्याचा, दुसरा शिअरचा. स्टिफनेस म्हणजे या कंसाचा व्यस्त, कारण जाडी आणि काँक्रीट सगळीकडे एकच आहे. आता h च्या जागी काय घालायचं हा खरा प्रश्न आहे. तुम्ही ३ मीटर घातलेत. तेव्हा अ साठी h/L ०.५ आणि कंस २, तर ब-क साठी h/L १ आणि कंस ७. त्यावरून ६४-१८-१८ बरोबर निघतं. पण ही वाटणी एक मजली इमारतीची आहे. तुमची भिंत पायापासून गच्चीपर्यंत सलग आहे. ती मजल्यामजल्याला नव्याने पक्की होत नाही, स्लॅब तिला वाकण्यापासून थांबवत नाही. ती १५ मीटर उंचीचा एकच कँटिलिव्हर आहे, म्हणून h = १५.

तसं केलं की अ साठी h/L २.५ येतं. वाकण्याचा भाग ६२.५ आणि शिअरचा ७.५, मिळून ७०. ब आणि क साठी h/L ५ येतं, म्हणजे ५०० आणि १५, मिळून ५१५. ५१५ ला ७० ने भागलं की ७.३६. म्हणजे ब ची स्टिफनेस १ धरली तर अ ची ७.३६, आणि तिघींची बेरीज ९.३६. वाटा निघतो ७८.६, १०.७, १०.७ टक्के.

यातलं गमक लक्षात घ्या. भिंत बुटकी असते तेव्हा शिअर वरचढ असतो आणि वाटणी लांबीच्या प्रमाणाकडे झुकते. भिंत उंच असते तेव्हा वाकणं वरचढ असतं आणि वाटणी लांबीच्या घनाकडे झुकते. घनाने काढलं तर ८०-१०-१० येतं, म्हणजे पाच मजल्यांत आपण त्याच्या अगदी जवळ पोचलो. आयएस १३९२० : २०१६ मध्ये उंची भागिले लांबी २ पेक्षा जास्त असलेल्या भिंतीला सडपातळ वर्गात टाकलंय, त्याच्या मागेही हेच वागणं आहे. लांबी दुप्पट केली म्हणजे भार दुप्पट होईल असं मनात धरून प्लॅनवर भिंत वाढवत जाणारे बरेच जण मी पाहिलेत. सडपातळ भिंतीत तो सात-आठपट होतो.

म्हणजे पीळ नसता तर अ मध्ये ६२० नाही, ७८६ किलोन्यूटन आले असते. ते कुठे गेले?

स्टिफनेसच्या प्रमाणात वाटणी तेव्हाच खरी असते जेव्हा स्लॅब फिरत नाही, फक्त सरकतो. तुमचं बळ प्लॅनच्या मध्यावर, डाव्या टोकापासून १२ मीटरवर लागतंय. पण भिंतींचा एकत्रित विरोध कुठे आहे? अ शून्यावर, ब १२ वर, क २४ वर. स्टिफनेसने भारित सरासरी काढली तर (१२ + २४) ÷ ९.३६ = ३.८५ मीटर. ही सेंटर ऑफ रिजिडिटी. बळ आणि विरोध यांच्यात ८.१५ मीटरचं अंतर आहे, इमारतीच्या लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त. स्लॅब अ भिंतीजवळ जणू खिळा ठोकल्यासारखा धरला गेलाय आणि उजवं टोक झुलतंय.

पिळाचा हिशेब हाताने करा, पाच मिनिटांचं काम आहे. सेंटर ऑफ रिजिडिटीपासून अ ३.८५ मीटरवर, ब ८.१५ वर, क २०.१५ वर. लांबीच्या दिशेच्या दोन भिंती ७.५ मीटरवर, प्रत्येकी स्टिफनेस ७.३६. प्रत्येकीची स्टिफनेस गुणिले अंतराचा वर्ग घेऊन बेरीज केली :

J = 7.36×3.85² + 1×8.15² + 1×20.15² + 2×7.36×7.5² ≈ 1410

पीळ आहे १००० × ८.१५ = ८१५० किलोन्यूटन-मीटर. एखाद्या भिंतीत पिळामुळे येणारं बळ म्हणजे पीळ गुणिले तिची स्टिफनेस गुणिले तिचं अंतर, भागिले J. क मध्ये ते ११६ येतं. थेट वाट्याचे १०७ मिळवले की २२३. ब मध्ये १०७ + ४७ = १५४. अ मात्र सेंटर ऑफ रिजिडिटीच्या पलीकडे आहे, तिथे पीळ उलट्या दिशेने काम करतो, म्हणून ७८६ − १६४ = ६२२. तुमचे ६२०, १५५, २२५ हेच. आणि लांबीच्या दिशेच्या भिंतींत ८१५० × ७.३६ × ७.५ ÷ १४१० = ३१९, एकीत पुढे तर दुसरीत मागे. त्या जोडीने पिळाचा निम्म्याहून जास्त भाग पेलला आहे. त्यांच्या दिशेने कुणी ढकललं नव्हतं, तरी त्या राबल्या.

इथे थोडं थांबतो, कारण नव्या मुलांकडून ही जागा सर्रास सुटते. रुंदीच्या दिशेच्या भूकंपासाठी रुंदीच्या भिंती आणि लांबीच्या दिशेच्या भूकंपासाठी लांबीच्या भिंती, असं दोन कप्पे करून डिझाइन केलं तर हे ३१९ किलोन्यूटन कुठेच मोजले जात नाहीत. प्लॅन सममित असेल तर त्याने बिघडत नाही. तुमच्यासारख्या प्लॅनमध्ये बिघडतं.

आणि हे सगळं अजून कोडच्या आधीचं झालं. आयएस १८९३ (भाग १) : २०१६ सांगतं की डिझाइनसाठी विकेंद्रता दोन प्रकारे घ्या : मोजलेल्या अंतराची दीडपट अधिक बळाला काटकोनात असलेल्या प्लॅनच्या मापाचे ५ टक्के, किंवा मोजलेलं अंतर वजा ५ टक्के. ज्या भिंतीला जो पर्याय जास्त त्रासदायक तो तिच्यासाठी घ्यायचा. तुमच्याकडे पहिला पर्याय १.५ × ८.१५ + ०.०५ × २४ = १३.४ मीटर होतो. म्हणजे बळ जणू डाव्या टोकापासून १७.३ मीटरवर, प्लॅनच्या मध्यापासून पाच मीटरहून जास्त उजवीकडे लागतंय. त्याने क मध्ये २२३ ऐवजी जवळपास ३०० येतात आणि लांबीच्या प्रत्येक भिंतीत ३१९ ऐवजी ५२६. अ साठी उलट कमी विकेंद्रता त्रासदायक, त्याने तिच्यात ६४७ येतात. आता तुमच्या ६४-१८-१८ शी ताडून बघा. क भिंत १८० साठी डिझाइन झाली असती आणि तिला ३०० पेलावे लागले असते.

हाताने सगळा हिशेब न करता हे ओळखायचं कसं? मी पहिल्यांदा गच्चीच्या स्लॅबच्या दोन टोकांचं सरकणं बघतो. तुमच्या बाबतीत भिंतीतलं बळ भागिले तिची स्टिफनेस केलं तर डावं टोक ८५ एकक सरकतं तेव्हा उजवं २२३, म्हणजे २.६ पट. २०१६ च्या कोडमध्ये हे गुणोत्तर दीडपटीच्या वर गेलं की प्लॅन पिळाच्या दृष्टीने अनियमित ठरतो. दुसरं, मोडल अॅनॅलिसिसमध्ये पहिला मोड सरळ सरकण्याचा आहे की फिरण्याचा, ते अॅनिमेशनमध्ये डोळ्यांना दिसतं. पहिलाच मोड फिरत असेल तर भिंती कुठेतरी चुकीच्या जागी आहेत, मग टक्केवारीचा घोळ घालण्यात अर्थ नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर वाटणी नीट काढून थांबलो नसतो, प्लॅन बदलून घेतला असता. ठाण्यात अशी रचना का होते हे मला माहीत आहे. डावी बाजू शेजारच्या प्लॉटच्या मार्जिनकडे, तिथे खिडक्या नाहीत, म्हणून आर्किटेक्ट सहा मीटर आनंदाने देतो. उजवी बाजू रस्त्याकडे, तिथे हॉलच्या खिडक्या, म्हणून तीन मीटरवर बोळवण. पण त्यांच्याकडे फक्त दीड मीटरच मागा. अ मधले दीड मीटर काढा आणि क ला द्या. म्हणजे ४.५, ३, ४.५. काँक्रीट तेवढंच, एकूण बारा मीटर.

४.५ मीटरच्या भिंतीसाठी h/L ३.३३, कंस १५८, म्हणजे स्टिफनेस ३.२६. तिघींची बेरीज ७.५१, आधीच्या ९.३६ पेक्षा २० टक्के कमी. ऐकायला हे तोट्याचं वाटतं. पण सेंटर ऑफ रिजिडिटी आता बरोबर १२ मीटरवर आली, मोजलेली विकेंद्रता शून्य. सगळा स्लॅब एकसारखा १३३ एकक सरकतो. आधी उजवं टोक २२३ सरकत होतं. कोडची ५ टक्के विकेंद्रता धरली तरी टोक १४१ पर्यंतच जातं, आणि आधीच्या रचनेत कोडनुसार ते ३०० च्या आसपास जात होतं. स्टिफनेस कमी करून सर्वात जास्त सरकणारा कोपरा निम्म्याहून कमी सरकायला लागला. वाटणीही ४३-१३-४३ झाली, त्यामुळे एकाच भिंतीच्या पायावर सगळा भार येत नाही. अ भिंत मार्जिनकडे, तिच्यावर स्लॅबचा उभा भार एकाच बाजूने येतो. तिच्यात ६५० किलोन्यूटनने येणारा उलथवणारा मोमेंट दाबून धरायला वरून पुरेसं वजन नसतं आणि एका टोकाचे पाइल ताणात जातात, हे तुम्हाला फाउंडेशनच्या वेळी कळलंच असतं.

आता या सगळ्या हिशेबाच्या मर्यादा. त्यातल्या दोन मला खरोखर गंभीर वाटतात.

पहिली स्लॅबची. स्टिफनेसने वाटणी होते ती स्लॅब सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवतो म्हणून. काही वर्षांपूर्वी कोलशेत भागातल्या एका इमारतीची ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला आली होती. सगळ्यात लांब भिंत जिन्याला लागून होती आणि जिन्याच्या दुसऱ्या बाजूला लिफ्ट. मॉडेलमध्ये त्या भिंतीत निम्म्याहून जास्त बळ दिसत होतं. मी स्लॅबचं ड्रॉइंग उघडलं तर सहा मीटरच्या भिंतीला स्लॅब शिवत होता जेमतेम सव्वा मीटर, बाकी सगळा जिन्याचा कटआउट. भिंतीच्या बिंदूंना रिजिड डायफ्राम दिला की सॉफ्टवेअर त्यांना बांधून टाकतं, मधे स्लॅब आहे की भोक आहे हे ते बघत नाही. प्रत्यक्षात ते बळ त्या सव्वा मीटरच्या पट्टीतूनच जायला हवं, आणि तिथे नेहमीची आठ मिमीची जाळी होती. आम्ही तिथे भिंतीच्या रेषेत स्लॅबमध्ये पुढपर्यंत जाणारा बीम आणि त्यात बळ ओढून आणण्यासाठी सलग सळ्या टाकायला लावल्या, आणि डायफ्राम सेमी-रिजिड करून पुन्हा चालवलं. लांब भिंतीचा वाटा उतरला, मधल्या भिंतीचा चढला. स्लॅब अगदीच लवचीक असेल तर शेवटची अवस्था कशी असते याचा अंदाज तुमच्याच प्लॅनवर घ्या : प्रत्येक भिंत आपल्या आसपासच्या क्षेत्रफळाचा भार घेते, म्हणजे २५-५०-२५. मधली तीन मीटरची भिंत १५५ वरून ५०० वर. म्हणून भिंतीला स्लॅब किती मीटर चिकटलाय हे मी टक्केवारीच्या आधी मोजतो.

दुसरी मर्यादा पायाची. घोडबंदरला बऱ्याच ठिकाणी खडक फार खोल नसतो, तिथे पाया पक्का धरणं चालून जातं. खाडीकाठच्या चिखलावर, नवी मुंबईतल्या भराव टाकलेल्या भागात पाइलवरच्या भिंती पायाशी किंचित डुलतात. आणि या डुलण्याचा फटका ताठ भिंतीला जास्त बसतो. समजा पाइलच्या लवचीकतेमुळे प्रत्येक भिंतीच्या कंसात सरसकट ७० ची भर पडली. अ साठी ७० चे १४० झाले, तिची स्टिफनेस निम्मी. ब आणि क साठी ५१५ चे ५८५, जेमतेम फरक. वाटणी ७८.६-१०.७-१०.७ ची ६७.६-१६.२-१६.२ होते, म्हणजे लहान भिंतींना दीडपट. लांब भिंत तडकली तरी दिशा हीच असते, तिची स्टिफनेस उतरते आणि भार लहान भिंतींकडे सरकतो. त्यामुळे मी एकदा पाया पक्का धरून आणि एकदा जिओटेक रिपोर्टमधल्या पाइलच्या स्प्रिंग देऊन, अशी दोन्ही मॉडेलं चालवतो. लांब भिंत पहिल्यावरून आणि लहान भिंती दुसऱ्यावरून डिझाइन करतो.

शेवटी तुमच्या साध्या मॉडेलबद्दल एक सूचना. त्यात डायफ्राम फक्त वर आहे म्हणून हाताचा हिशेब जुळला. खऱ्या मॉडेलमध्ये पाचही पातळ्यांना डायफ्राम द्याल तेव्हा सगळ्यात खालच्या मजल्यात अ चा वाटा थोडा कमी आणि ब-क चा थोडा जास्त दिसेल, तेव्हा घाबरू नका. पायाजवळ भिंत अजून फारशी वाकलेली नसते, सरकण्यात शिअरचा हिस्सा मोठा असतो, आणि शिअर लांबीच्या प्रमाणात वाटला जातो. वरच्या मजल्यांत फ्रेमचे कॉलम आणि भिंती एकमेकांना ओढतात, तिथे भिंतीतलं बळ चिन्हही बदलू शकतं. हाताच्या हिशेबाशी ताडायचं असेल तर आधी कॉलमची वाकण्याची स्टिफनेस जवळजवळ शून्य करून एक रन घ्या, आकडे जुळवा, आणि मग कॉलम परत चालू करा. ४.५-३-४.५ चा प्लॅन आर्किटेक्टकडे नेण्याआधी याच पद्धतीने दोन्ही रचनांच्या चारही कोपऱ्यांचं सरकणं एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून न्या. माझ्या अनुभवात आर्किटेक्टला टक्केवारी पटत नाही, पण कोपरा किती सरकतो हे पटतं.